मदत हवी आहे: पाइप गॅसची पाच अंदाजे बिले आणि सहाव्यात एकदम १०२ युनिट

मीनल_ठाणे: आमच्याकडे पाइप गॅसचे बिल दर दोन महिन्यांनी येते. मीटर स्वयंपाकघरात असून दिवसा घराला कुलूप असते, त्यामुळे गेली पाच बिले अंदाजे, प्रत्येकी १२ युनिटची आली आणि आम्ही ती निमूटपणे भरली. या वेळी माणूस आत येऊन रीडिंग घेऊन गेला. वर्षापूर्वीचे प्रत्यक्ष रीडिंग ४१२ होते, आताचे ५७४ आहे. वापर १६२, त्यातून भरलेले ६० वजा जाऊन १०२ युनिट एकाच बिलात आले असून त्यांतील बरीचशी सर्वांत महाग टप्प्यात धरली आहेत. हे योग्य आहे का?

सदाशिव_पेठ: दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी मागता येत नाही, असा कायदा आहे. बिल भरू नका.

जुना_मीटरवाला: ते कलम वीज कायद्यातले आहे, गॅसला लागू नाही, शिवाय इथे प्रश्न एकाच वर्षाचा आहे. गॅस खरोखर वापरला असेल तर १०२ युनिटचे पैसे द्यावेच लागतील. हरकत घ्यायची ती टप्प्यांवर. आपल्या बिलावर पहिला टप्पा किती युनिटपर्यंत आहे?

मीनल_ठाणे: दिवसाला ०.६० पर्यंत.

जुना_मीटरवाला: मग गणित सरळ आहे. १०२ युनिट ६० दिवसांत वापरले असे धरले, म्हणून रोजचे १.७ झाले आणि आपण वरच्या टप्प्यात गेलात. प्रत्यक्षात १६२ युनिट ३६५ दिवसांचे आहेत, म्हणजे रोजचे ०.४४, वर्षभर आपण पहिल्याच टप्प्यात होता. वापर सहा बिलांत विभागून सुधारित बिल द्यावे, असा लेखी अर्ज करा आणि सोबत मीटरचा फोटो जोडा. मात्र आधी लाल चौकटीतले आकडे तपासा. ते दशांशाचे असतात, घाईत कुणी तेही धरले तर वापर अवाच्या सवा दिसतो.

किरण_नाशिक: आमचा सिलिंडर पंचवीस दिवसांतच संपतो, वजन कमी भरत असतील का?

जुना_मीटरवाला: त्यासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

मीनल_ठाणे: काळे आकडे ५७४ च आहेत, त्यामुळे रीडिंगबद्दल शंका उरली नाही. अर्ज दिला. वापर विभागून टप्पे बदलण्याचे कार्यालयाने तोंडी मान्य केले, पण मधल्या काळात दर बदलले असल्याने जुन्या महिन्यांना जुना दर लावणार की आजचा, याचे उत्तर तिथे कुणीच दिले नाही. कुणाच्या सुधारित बिलात हे कसे केले होते?

सदाशिव_पेठ: माझ्या बहिणीच्या बिलात सगळ्यांना नवाच दर लावला होता. तिने तक्रार केली नाही.

जुना_मीटरवाला: मग दराचा मुद्दाही अर्जात लेखी घाला आणि पोचपावती घ्या. पुढच्या वेळी घर बंद असेल तर आपणच मीटरचा फोटो बिलाच्या तारखेआधी पाठवा.