जन्म दाखल्याचा अर्ज: मायना आणि शेवट बरोबर आहे का?

नवी अर्जदार: मोठ्या बहिणीच्या जन्म दाखल्यासाठी अर्ज लिहिला आहे. सुरुवात आणि शेवट रीतसर आहेत का ते सांगा.

> प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत कार्यालय
> विषय: दाखला मिळणेबाबत.
> स.न.वि.वि.
> मला माझ्या बहिणीच्या जन्माचा दाखला पाहिजे आहे. तरी लवकरात लवकर द्यावा.
> कळावे, लोभ असावा.
> आपली आज्ञाधारक

शाळामास्तर: 'स.न.वि.वि.' आणि 'लोभ असावा' हे घरगुती पत्रातले शब्द, ओळखीच्या माणसाला लिहिताना शोभतात. 'आज्ञाधारक' विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांना लिहावे. इथे 'महोदय' लिहून पुढच्या ओळीत 'वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करते की' अशी सुरुवात करा. शेवटी 'ही नम्र विनंती', मग 'कळावे' आणि 'आपली विश्वासू'. 'कळावे' विसरू नका, त्याशिवाय अर्ज नियमात बसत नाही.

सरळसोट: असा कुठला नियम? जन्माच्या नोंदीचा दाखला घेणे हा हक्क आहे. 2015 पासून राज्यात लोकसेवा हक्क अधिनियम आहे. 'सविनय', 'नम्र' हे सगळे दरबारी शब्द काढून टाका आणि 'दाखला देण्यात यावा' एवढे लिहून सही करा.

बारनिशी: आयुष्यभर आवक-जावक सांभाळली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 'कळावे' नाही म्हणून अर्ज परत गेलेला मी पाहिला नाही. पण मास्तरांनी दिलेली सुरुवातीची ओळ निव्वळ शोभेची नाही, ती मजकूर विषयाशी बांधते. मात्र त्यासाठी विषयात काहीतरी असावे लागते. इथे नुसते 'दाखला मिळणेबाबत' आहे. आवक नोंदवहीत विषयाचीच ओळ उतरवतात, मग कसला दाखला, कोणाचा, हे नोंदीवरून कसे कळणार?

दुसरे म्हणजे अर्ज चुकीच्या नावाने आहे. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचा निबंधक ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक असतो, सरपंच नव्हे. आणि बहिणीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावे यांतले अर्जात काहीच नाही. पुष्कळदा जन्माची नोंद बारशाआधी होते, तेव्हा नोंदीत बाळाचे नाव नसते. अशी जुनी नोंद तारीख आणि आईवडिलांच्या नावांवरूनच सापडते. 'लवकरात लवकर' लिहून शोध लवकर लागत नाही, वर्ष लिहिले तर लागतो.

गोदाकाठ: हे सगळे ऑनलाइन होते ना आता? माझ्या मुलाचा तर घरबसल्या मिळाला.

बारनिशी: अलीकडची नोंद असेल तर मिळतो. पण हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदवहीतली नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर ती आधी नोंदवहीतच शोधावी लागते. त्यासाठी लेखी अर्ज उपयोगी पडतो.

माहेरवाशीण: माझे वेगळेच झाले. अर्जाची भाषा चोख होती, तरी गावच्या ग्रामपंचायतीत नोंदच निघेना. मग आईला आठवले की बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झाले होते. नोंद तिथल्या नगरपरिषदेत निघाली.

बारनिशी: बरोबर. 1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे नोंद होते, आईवडील राहतात तिथे नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी हे घरात विचारून घ्या. जन्म गावातच झाला असेल तर असे लिहा:

> प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी, ग्रामपंचायत कार्यालय, (गाव, तालुका, जिल्हा)
> विषय: (बहिणीचे पूर्ण नाव) यांच्या जन्म नोंदीचा दाखला मिळण्याबाबत.
> महोदय / महोदया,
> वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझी बहीण (नाव) हिचा जन्म (तारीख) रोजी (ठिकाण) येथे झाला. वडिलांचे नाव (…), आईचे नाव (…). पासपोर्टसाठी दाखल्याची आवश्यकता आहे.
> तरी दाखल्याच्या दोन प्रती मिळाव्यात, ही नम्र विनंती.
> कळावे,
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, मोबाइल, दिनांक)
> सोबत: बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत, अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत

पासपोर्ट हे मी उदाहरण म्हणून घातले, तुमचे कारण लिहा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सरळसोट: पोच घ्यावी हे पूर्ण मान्य. सेवेची मुदत कागदपत्रांसह अर्ज मिळाल्यापासून मोजतात, त्यामुळे तारखेचा पुरावा नसेल तर अपिलात काय दाखवणार? पण तुम्हीही 'नम्र' ठेवलेतच. हक्काच्या गोष्टीसाठी नम्रपणे विनवायचे कशाला?

शाळामास्तर: नम्र म्हणजे लाचार नव्हे. तीच ओळ जिल्हाधिकारीही मंत्रालयाला लिहितात.

सरळसोट: ते नोकर म्हणून लिहितात, आपण नागरिक आहोत.

नवी अर्जदार: आईला विचारले, जन्म गावातच, घरी झाला होता. आता निबंधकांच्या नावाने, तारीख आणि आईवडिलांची नावे घालून लिहिते. 'लोभ असावा' आणि 'आज्ञाधारक' काढले. शेवटी नुसते 'ही विनंती' ठेवते.

शाळामास्तर: 'नम्र' ठेवा हो, शोभते.

बारनिशी: ठेवा किंवा काढा, त्याने अर्ज अडणार नाही. घरचे बाळंतपण असेल तर मात्र नोंद झालीच नसण्याची शक्यता जास्त. नोंद सापडली नाही तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका, नोंद उपलब्ध नसल्याचे लेखी मागा. उशिराच्या नोंदीच्या आदेशासाठी तो कागद लागेल.