मदत हवी आहे: अभ्यासातल्या बायकांना किती पैसे द्यावेत? एथिक्स कमिटीने प्रस्ताव परत पाठवलाय

द्राक्षवेल
मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतेय. प्रबंधाचा विषय द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या बायकांमधला रक्तक्षय. प्रत्येकीने हंगामात तीनदा केंद्रावर यायचं, रक्त द्यायचं आणि प्रश्नावली भरायची. तिसऱ्या भेटीनंतर प्रत्येकीला एकरकमी 1500 रुपये द्यायचं मी लिहिलं होतं. कमिटीचा शेरा आला: "रक्कम प्रलोभन ठरू शकते. समर्थन द्या." आता रक्कम कमी करून 500 करू का? तसं केलं तर त्यांची मजुरीही भरून निघत नाही, आणि ते मला पटत नाही.

सरळरेघ
आयसीएमआरच्या नियमांत फक्त प्रवासखर्च देता येतो. पैसे काढून टाका, चहा-नाश्ता ठेवा. प्रस्ताव लगेच पास होईल.

माजी सदस्य-सचिव
सरळरेघ, तुम्ही सांगताय ते लहान मुलांच्या अभ्यासात पालकांना द्यायच्या पैशांबाबत बरंचसं लागू पडतं. तिथे झालेला खर्च आणि बुडालेली मजुरी यापलीकडे काही द्यायचं नसतं. पण सज्ञान व्यक्तीला प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि झालेल्या गैरसोयीबद्दल रक्कम देता येते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं म्हटलंय. अट एवढीच की रक्कम, पद्धत आणि वेळापत्रक कमिटीने आधी मंजूर केलेलं असावं.

द्राक्षवेल, माझ्या मते कमिटी 1500 या आकड्यावर अडलेली नाही. दोन गोष्टी खटकल्या असणार. आकडा कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळे पैसे शेवटी ठेवलेत. दुसऱ्या भेटीनंतर एखादीला थांबायचं असेल, तर दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून ती मनाविरुद्ध तिसऱ्यांदा येईल. 'केव्हाही बाहेर पडू शकता' असं संमतिपत्रात लिहून मग उपयोग काय? पैसे प्रत्येक भेटीला, त्याच दिवशी द्या. मधेच सोडणारीकडून मिळालेले परत मागायचे नाहीत, हेही लिहा.

तुमच्याकडे रोज किती आहे, आणि भेटीला किती वेळ जातो?

द्राक्षवेल
रोज 350 रुपये. भेट दोन-अडीच तासांची. म्हणून अर्ध्या दिवसाचे धरावेत का?

माजी सदस्य-सचिव
टोळी सकाळी गाडीत बसून निघून गेली, की मागे राहिलेलीला दुपारी कोण कामावर घेतं? तिचा पूर्ण रोज जातो. तेच कमिटीला लिहा. 350 रोज, जाण्यायेण्याचे समजा 60, म्हणजे भेटीला 410. तीन भेटींचे 1230. तुमच्या 1500 पासून फार लांब नाही, पण आता प्रत्येक रुपयाचा हिशेब आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा 60 एकदा तपासा. आणि ही रक्कम माहितीपत्रकात 'फायदे' या मथळ्याखाली टाकू नका, वेगळा परिच्छेद करा.

कोकणचा_राजा
अभ्यासात कुणाला इजा झाली तर नुकसानभरपाई द्यावी लागते, 2019 च्या नियमांत आहे. त्याचा विमा काढलाय का?

माजी सदस्य-सचिव
तो विषय वेगळा, आणि ते नियम नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आहेत. इथे वेळेचे पैसे चाललेत.

भटका
माझा मावसभाऊ अहमदाबादला औषधकंपन्यांच्या चाचण्यांना जायचा. आधीच्या चाचणीनंतर ठरावीक काळ थांबावं लागतं, पण पैशांसाठी तो मधली चाचणी लपवून दुसरीकडे नाव घालायचा. म्हणून मला 1230 सुद्धा जास्त वाटतात.

माजी सदस्य-सचिव
भटका, तुमची भीती खरी आहे. पैशांसाठी माणूस पात्रतेची माहिती लपवतो, हीच प्रलोभनाची खूण. म्हणून विचारायचं ते हे की या अभ्यासात लपवण्यासारखं काय आहे? द्राक्षवेल, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका तुम्ही वगळताय का?

द्राक्षवेल
हो, गेल्या तीन महिन्यांत घेतल्या असतील तर.

माजी सदस्य-सचिव
मग एखादी 'नाही' म्हणून सांगेल. तपासणीला आलेल्या प्रत्येकीला, ती अपात्र ठरली तरी, त्या दिवसाचे 410 द्या. निदान त्या दिवसाच्या पैशांसाठी खोटं बोलायची गरज उरत नाही. बायका गोळा करून कोण आणणार?

द्राक्षवेल
आशाताई. त्यांना प्रत्येक बाईमागे 100 द्यायचं ठरलंय.

माजी सदस्य-सचिव
ते बदला. डोक्यामागे पैसे दिले की आशाताई नकळत गळ घालते, आणि गावात तिला नाही म्हणणं अवघड. तिला दिवसाचे द्या.

सरळरेघ
पालकांचा नियम मी सगळ्यांना लावला होता, ते मान्य. पण उरलेले 270 तिसऱ्या भेटीला बोनस म्हणून ठेवले तर? गळती कमी होईल.

माजी सदस्य-सचिव
बोनस लहान असेल तर काही कमिट्या चालवून घेतात. मी असतो तर प्रश्न विचारला असता. इथे दोन मतं आहेत.

द्राक्षवेल
बोनस नको, 410 प्रमाणे लिहिते. एक अडचण राहिली. लेखा विभागाला पैसे खात्यातच हवेत, आणि बऱ्याच बायकांचा खात्याला जोडलेला मोबाईल नवऱ्याकडे असतो. रोख देऊन सही-अंगठा घेतलेला हिशेब कुणाच्या संस्थेत चालला आहे का?