मदत हवी आहे: पेपरच्या फोटोंचा क्रम लागत नाही, एक पान गायब वाटतंय

हिशेबी_विश्रामबाग
एका मुलाने पेपरचे फोटो पाठवलेत. सगळे उलटेसुलटे. क्रम लावता लावता डोकं फिरलं. मधलं एक पान नाही असं वाटतंय, पण तो म्हणतो "सर, सगळं पाठवलंय." पटकन लावायची काही युक्ती आहे का? संध्याकाळी पालक येणार आहेत.

टेक्नो_मिरज
सोपं आहे. फोल्डर उघडा, तारखेनुसार लावा. दोन मिनिटांचं काम.

हिशेबी_विश्रामबाग
ते करून झालंय. पहिलाच फोटो चौथ्या प्रश्नाचा येतो.

कराडकर_मास्तर
सर, विषय कुठला, फोटो किती, आले कशावरून आणि कागद कसले? वही, छापील उत्तरपत्रिका की सुटे फुलस्केप? हे कळल्याशिवाय आम्ही काय सांगणार?

हिशेबी_विश्रामबाग
बारावी कॉमर्स, बुककीपिंग. माझ्याच क्लासची सराव परीक्षा, मुलाने घरी बसून सोडवलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत. सुटे फुलस्केप, वरच्या डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा बांधलेला. पहिल्या पानावर "एकूण पाने 20" असं त्यानेच लिहिलंय आणि फोटोही 20 आहेत. म्हणून तर भांडता येईना.

विटेकर_वहिनी
आमच्या मुलाला गेल्या वर्षी बोर्डात कमी मार्क पडले होते. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायची असेल तर आधी अर्ज करावा लागतो, शाळेत विचारा. मुदत चुकवू नका.

हिशेबी_विश्रामबाग
वहिनी, बोर्डाचा पेपर नाही हो हा.

टेक्नो_मिरज
व्हॉट्सअ‍ॅप आधी सांगायचं की राव. मग फाईलच्या नावातले आकडे बघा. IMG-20250209-WA0031.jpg असं नाव असेल, त्यातल्या शेवटच्या आकड्यांनी लावा.

कराडकर_मास्तर
मिरजकर, तो आकडा तुमच्या फोनवर फोटो ज्या क्रमाने उतरला त्याचा. मुलाने कुठलं पान आधी टिपलं हे त्यावरून कळत नाही. रेंज गेली की अडकलेला फोटो मागून येतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करून पाठवतं, त्यात टिपल्याची मूळ वेळही पुसली जाते. मुलाला म्हणावं, तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. मग बहुतेक फोनांत IMG_20250209_131742.jpg असं कॅमेऱ्याने दिलेलं नाव जसंच्या तसं येतं. 1 वाजून 17 मिनिटं 42 सेकंद. त्याने पानं ओळीने टिपली असतील तर क्रम तिथेच लागला.

टेक्नो_मिरज
आणि ओळीने टिपली नसतील तर? पुढून वेगळी, मागून वेगळी अशी टिपणारी पोरं असतात. त्यापेक्षा स्कॅनरचं अ‍ॅप सक्तीचं करा. एकच पीडीएफ, कटकट नाही.

कराडकर_मास्तर
पुढच्या परीक्षेला करतील. पालक आज येणार आहेत.

सर, फाईलचं सोडा, कागदाकडे बघा. सगळे फोटो आधी सरळ करून घ्या. भोक डाव्या कोपऱ्यात दिसलं तर कागदाची पुढची बाजू, उजव्या कोपऱ्यात दिसलं तर मागची. भोक खाली दिसत असेल तर फोटो अजून उलटा आहे. दोन ढीग करा आणि मोजा. 20 पानं म्हणजे 10 कागद, म्हणून दोन्हीकडे 10 हवेत.

हिशेबी_विश्रामबाग
डावी 11, उजवी 9. हे कसं काय?

कराडकर_मास्तर
मग डाव्या ढिगात एक पान दोनदा टिपलेलं असणार. हलल्यासारखं वाटलं की पोरं पुन्हा टिपतात आणि दोन्ही पाठवून मोकळी होतात. नीट बघा, एकात सावली पडली असेल किंवा कडेला अंगठा आला असेल.

हिशेबी_विश्रामबाग
सापडलं! पहिल्या प्रश्नातलं जोड्या लावा दोनदा आहे, एकात ट्यूबलाइटची चकाकी. प्रश्न तोच, खाडाखोड तीच. म्हणजे खरी पानं 19, आणि मागची एक बाजू नाही. मला संशय भागीदाराच्या निवृत्तीच्या गणितावर आहे. पुनर्मूल्यांकन खातं एका पानावर संपतं आणि पुढे थेट ताळेबंद. दोन्ही पानांना भोक डावीकडेच. भांडवल खाती कुठेच नाहीत.

सातारी_तडका
त्याने ती खाती केलीच नसतील. मागची बाजू कोरी सोडली असेल. आमच्या वेळी मी पण ताळेबंद शेजारच्याचा बघून लिहायचो, मधलं काही नसायचंच.

कराडकर_मास्तर
सर, आकडे टाका इथे.

हिशेबी_विश्रामबाग
भागीदार अ, ब, क. भांडवल 40,000, 30,000 आणि 20,000, नफा-तोटा प्रमाण 3:2:1. क निवृत्त. मुलाचा पुनर्मूल्यांकनाचा नफा 6,000 बरोबर आलाय. ताळेबंदात अ 43,000, ब 32,000 आणि कचे कर्ज 21,000.

कराडकर_मास्तर
6,000 ची वाटणी 3,000, 2,000, 1,000. ती मूळ भांडवलात मिळवली की बरोबर हेच तीन आकडे येतात. म्हणजे मधली पायरी झालेली आहे. आता पुनर्मूल्यांकनाचं पान मोठं करून बघा, शाई मागून उमटलीय का. उमटली असेल तर फोटो एडिटमध्ये आडवा पलटवा, म्हणजे मागचं अक्षर सुलट वाचता येईल.

सातारी_तडका
मास्तर, ही बेरीज तोंडी पण होते. एवढ्यावरून पान होतं म्हणणं जरा जास्तच.

कराडकर_मास्तर
नुसत्या आकड्यांवरून मीही म्हणणार नाही. म्हणून तर शाई बघायला सांगितली.

हिशेबी_विश्रामबाग
पलटवून बघितलं. आकडे लागत नाहीत, पण पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा दिसतात. डाव्या बाजूला तीन रकाने, उजव्या बाजूला तीन, आणि खाली दुहेरी रेघ.

कराडकर_मास्तर
तीन भागीदारांची भांडवल खाती एकत्र मांडली की अशीच दिसतात. पान कोरं नाही, फोटो काढायचा राहिलाय. एक मात्र ध्यानात ठेवा. अख्खा कागदच राहिला असता आणि पहिल्या पानावर एकूण पानं लिहिलेली नसती, तर दोन्ही ढिगांतून एकेक कमी झालं असतं आणि ही मोजणी गप्प बसली असती. तिथे फक्त प्रश्नांचे क्रमांक आणि पुढे नेलेल्या बेरजा कामाला येतात.

टेक्नो_मिरज
मग आता त्याच्याकडून नवा फोटो मागवा, विषय संपला.

सातारी_तडका
आणि त्याने आज बसून लिहून पाठवलं तर? मार्क देणार?

कराडकर_मास्तर
नुसता फोटो नको. दोरा न सोडता गठ्ठा हातात आणायला सांगा. आत्ता मागची बाजू लिहिली तर रेघा तुमच्याकडच्या फोटोतल्या रेघांवर बसायला हव्यात, ते जमवणं अवघड. पण नुसते रकाने आधी आखून ठेवले असतील आणि आकडे आज भरले, तर ते ओळखणं मला तरी जमणार नाही.

हिशेबी_विश्रामबाग
फोन केला. गठ्ठा मावशीकडे तासगावला राहिलाय म्हणे, सोमवारी आणतो. पालकांना आज त्या गणिताचे मार्क राखून ठेवलेत एवढंच सांगतो. पुढच्या वेळी प्रत्येक पानावर वर 1/20, 2/20 असं लिहून घ्यायचं.

टेक्नो_मिरज
स्कॅनर अ‍ॅप.

सातारी_तडका
एकूण पानं किती होणार हे पहिल्या पानावर लिहिताना पोराला कसं कळणार, 1/20 काय?

कराडकर_मास्तर
पेपर संपल्यावर, दोरा बांधायच्या आधी टाकायचे आकडे. पुढे-मागे दोन्हीकडे, कोऱ्या बाजूलाही.

विटेकर_वहिनी
झेरॉक्ससाठी शाळेत जाताना मार्कशीटची कॉपी न्यायची का कोणी सांगेल का?