मदत हवी आहे: अनोळखी लॉगिननंतर लॉक झालेलं खातं परत सुरू करणे

नमस्कार,

माझं स्टोरेज खातं मंगळवारी तुमच्याकडून लॉक झालं. तुमच्या मेलनुसार सोमवारी 21:40 UTC ला, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे 3:10 ला, एका लिनक्स मशीनवरून लॉगिन झालं. ते माझं नाही. माझ्याकडे लिनक्स मशीनच नाही.

ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो. रिकव्हरी कोड छापून ठेवलेत, पण लॉक असताना ते टाकायची चौकटच दिसत नाही. नोंदवलेला ईमेल माझ्याच ताब्यात आहे. त्याचा पासवर्ड बदलला आणि कुणी फॉरवर्डिंगचा नियम घुसवलेला नाही, हेही तपासलं. लॅपटॉपवरचं सिंक थांबवलंय, नाहीतर तिकडे पुसलेल्या फाइली इथूनही जायच्या.

ओळखीसाठी शेवटच्या बिलाची पावती जोडली आहे. आधारची प्रत मात्र मेलने पाठवणार नाही, हवी असल्यास सुरक्षित अपलोडची लिंक द्या.

नुसता पासवर्ड बदलून आधीची लॉगिनं तुटतातच असं नाही. म्हणून खातं उघडण्याआधी सगळी सेशन्स आणि जोडलेल्या अ‍ॅप्सच्या परवानग्या तुमच्या बाजूने रद्द कराल का? आणि पुसलेल्या फाइली परत मिळवायची मुदत खातं लॉक असतानाही सरत राहते का?