‘मास्किंग’ला काय म्हणावं: झाकणं, निनावी करणं की सोंग देणं?

पाटीपेन्सिल: पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. मूळ वाक्याचा आशय असा: चाचणीसाठी ग्राहकांच्या खऱ्या डेटाची ‘मास्क्ड, अ‍ॅनोनिमाइज्ड कॉपी’ वापरली जाते. मी ‘मुखवटा घातलेली निनावी प्रत’ लिहिलं, पण वाचताना नाटकाची जाहिरात वाटते. रुळलेला शब्द आहे का?

ओसरी: ‘झाकलेली प्रत’ म्हणा की सरळ. मास्क्ड आधार असतंच ना, पहिल्या आठ आकड्यांवर फुल्या आणि शेवटचे चार दिसतात. हॉटेलात मी तेच देते.

दशमान: ते बघणाऱ्यापासून लपवणं झालं. इथे प्रश्न चाचणीच्या प्रतीचा आहे, आणि झाकलेल्या प्रतीवर चाचणी करता येत नाही. पॅनचं `XXXXXX234E` केलं, की शेवटची चार अक्षरं सारखी असलेले दोन ग्राहक एकच होतात. मग कर्जाच्या टेबलातलं कर्ज नेमकं कोणाचं? इथे जुना पॅन काढून त्याजागी खरा वाटेल असा दुसरा द्यायचा असतो, आणि तोच ग्राहक, कर्ज, जामीनदार अशा सगळ्या टेबलांत द्यायचा असतो. बहुरूप्यासारखं आहे हे: सोंग खोटं, पण गावभर तेच. मी तरी ‘सोंग देणं’ म्हणेन.

अडकित्ता: एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक रकान्यातल्या मूल्याचं SHA-256 हॅश काढा, म्हणजे मूल्यावरून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा ठसा. सगळीकडे तेच येतं आणि उलट फिरवता येत नाही. झालं निनावी.

दशमान: ‘सगळीकडे तेच’ हे बरोबर, ‘निनावी’ नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६ ते ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं चांगल्या ग्राफिक कार्डाला मिनिटभराचंही काम नाही. उलट फिरवायची गरजच पडत नाही, सगळे सरळच करून बघायचे. म्हणून हॅश काढताना त्यात गुप्त किल्ली घालतात, त्याला एचमॅक म्हणतात, आणि किल्ली चाचणीवाल्यांकडे जाऊ देत नाहीत.

शब्दाची मेखही इथेच आहे. ज्याच्याकडे किल्ली, तो सोंग उतरवू शकतो. म्हणून ही प्रत ‘टोपणनावी’, ‘निनावी’ नव्हे. युरोपच्या २०१६ च्या जीडीपीआर कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोपणनावी डेटा तिथे वैयक्तिकच धरला जातो, निनावी डेटा कायद्याच्या कक्षेबाहेर जातो. पत्रकात ‘निनावी’ छापलंत तर संस्थेच्या अंगावर नसतं वचन येईल.

पाटीपेन्सिल: हे आधी कळलं ते बरं झालं. पण मूळ वाक्यात ‘कडेच्या नोंदी जपून’ असंही आहे. कड कसली?

दशमान: खऱ्या डेटातला मळ आणि टोकाच्या नोंदी. समजा ग्राहकांत `ABCPD1234E` आहे आणि कर्जांत तोच पॅन `abcpd1234e `, म्हणजे लहान लिपीत आणि मागे एक जागा सुटलेली. काही डेटाबेसांच्या जुळणीत लहानमोठी लिपी आणि शेवटची रिकामी जागा धरली जात नाही, त्यामुळे मूळ प्रतीत हे दोन जुळतात. एचमॅकला मात्र ती दोन वेगळी मूल्यं. सोंग दिल्यावर कर्ज पोरकं होतं आणि चाचणीवाले नसलेली चूक शोधत बसतात. उलट सगळं धुऊन घेतलं, तर मळक्या नोंदीवर अडखळणारा कोड चाचणीत छान चालतो आणि खऱ्या डेटावर आपटतो. म्हणून आधी धुवायचं, धुतलेल्याला सोंग द्यायचं, मग मळ परत लावायचा:

```python
s = v.strip()
new = fake_pan(KEY, s.upper())
out = v.replace(s, new if s.isupper() else new.lower())
```

लिंबलोण: हे रिकाम्या नोंदीवर तपासलंत का? `s` रिकामं असलं की `replace` रिकाम्या स्ट्रिंगच्या जागी, म्हणजे अक्षराअक्षरामध्ये, `new` घुसवतो. पॅन न दिलेल्या सगळ्या ग्राहकांना एकच पॅन मिळेल! `NULL` आली तर `strip` वरच गाडी थांबेल. जपायची म्हणता तीच कड या तीन ओळींत गेली.

दशमान: चूक कबूल. सर्वांत आधी ही ओळ हवी:

```python
if v is None or not v.strip(): return v
```

अडकित्ता: पण `fake_pan` च्या आत काय आहे? पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, कसेही टाकले की झालं ना?

लिंबलोण: कसेही नाही. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, P व्यक्ती, C कंपनी. पाचवं, व्यक्ती असेल तर, आडनावाचं आद्याक्षर. देशमुखांना ‘कुलकर्णी’ सोंग दिलं आणि पॅनमध्ये D राहिला, तर नावाशी पॅन ताडणारा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीवर बोंब मारेल. म्हणून आडनाव आधी बदलायचं आणि पॅन त्यावरून काढायचा.

दुसरं, बनवलेला पॅन कुणा खऱ्या माणसाचा निघू शकतो. पॅनमधले आकडे ०००१ पासून सुरू होतात, म्हणून काही जण तिथे मुद्दाम ०००० घालतात. पण मग बदलायला उरतात पहिली तीन अक्षरं आणि शेवटचं एक, म्हणजे ४,५६,९७६ शक्यता. एकाच आद्याक्षराचे १० हजार ग्राहक असले, तर एचमॅकमधून साधारण शंभर जोड्या एकाच पॅनवर येऊन आदळतील आणि पॅन एकमेव हवा ही अट मोडेल. तेव्हा एकास एक जोडणारी यादी ठेवावी लागते. ती यादीही किल्लीइतकीच जपायची.

दशमान: आणि तपासताना पोरक्या कर्जांची संख्या शून्य आली म्हणून खूश होऊ नये:

```sql
SELECT COUNT(*) FROM loans l
LEFT JOIN customers c ON l.pan = c.pan
WHERE c.pan IS NULL;
```

मूळ प्रतीत ३७ आली तर सोंगाच्या प्रतीतही ३७ च यायला हवी. शून्य आली तर कुठेतरी जास्त धुतलं, ४०० आली तर सोंग देण्याआधी नीट धुतलं नाही.

ओसरी: आणि मराठी नावांचं काय? आमच्याकडे वऱ्हाडे आहेत, त्यांचं नाव प्रत्येक फॉर्मवर वेगळं उमटतं.

लिंबलोण: चांगली आठवण केलीत. ‘वऱ्हाडे’मधला ऱ कधी एका संकेतांकाचा असतो (U+0931), कधी र आणि खालचा नुक्ता असा दोन संकेतांकांचा. डोळ्यांना एकच, एचमॅकला दोन. धुताना युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणलं की दोन्ही एक होतात. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइटचा. देवनागरी नावांना रोमन सोंगं दिली, तर बाइटवर मोजलेल्या रकान्यात नाव तुटण्याची चूक चाचणीत कधीच दिसणार नाही. देवनागरीला देवनागरीच सोंग हवं, आणि साधारण तेवढ्याच लांबीचं.

अडकित्ता: रकमांनाही अशीच सोंगं देता येतील की.

दशमान: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही! ही म्हण इथे अक्षरशः लागू आहे. प्रत्येक रक्कम वेगळी हलवली तर जमा-नावे जुळत नाही. सगळ्या रकमांना १.०७ ने गुणलं तर पैशांच्या पूर्णांकनात फरक पडतो, आणि ५०,००० च्या मर्यादेला टेकलेली ४९,९९९.९९ ची नोंद मर्यादेपलीकडे जाते. तपासायची तर तीच होती. मी रकमा तशाच ठेवतो.

लिंबलोण: मला ते पटत नाही. छोट्या गावच्या पतसंस्थेत सर्वांत मोठं कर्ज कोणाचं, हे गावाला ठाऊक असतं. नाव बदला, पॅन बदला, तो आकडा माणूस ओळखवतो. निदान वरच्या काही नोंदी काढा किंवा मोडून बारीक करा.

दशमान: काढल्या की मोठ्या रकमेवर रकाना अपुरा पडतो ती चूक दिसत नाही. त्या हाताने बनवून घाला म्हणाल, तर कबूल, पण त्यांच्या हप्त्यांच्या नोंदीही बनवाव्या लागतील.

पाटीपेन्सिल: मी तूर्त असं लिहिते: ‘चाचणीसाठी ग्राहकांची ओळख बदललेली प्रत वापरली जाते. नोंदींमधले संबंध मूळ प्रतीप्रमाणेच राहतात.’ ‘निनावी’ काढलं. ‘सोंग’ मला फार आवडलं, पण संचालक मंडळाला झेपणार नाही.

लिंबलोण: रकमा तशाच असतील तर ‘ओळख बदललेली’ हेही जरा जास्तच होतंय. ‘नावे व क्रमांक बदललेली’ लिहा.

ओसरी: ‘झाकलेली’ला माझं मत अजून आहे बरं का!