मदत हवी आहे: मालवाहू ई-रिक्षाचा जुना लिथियम पॅक घरच्या इन्व्हर्टरला लावू का?

जांबोटीकर: आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की रात्रभर लाईट नसते. घरच्या इन्व्हर्टरच्या चारही ट्यूब्युलर बॅटऱ्या कामातून गेल्यात. ई-रिक्षाचा जुना फॉस्फेट पॅक पडून आहे, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. पूर्वी गाडी ८० किलोमीटर जायची, आता ५० मध्येच थांबते. घरचा लोड ३०० वॅट. जोडू का?

चिकोडीवाला: इन्व्हर्टर ४८ चा, पॅक ५१ चा. जोडा की बिनधास्त! पॅकमध्ये सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस आहे, तो सांभाळतोय सगळं.

टिळकवाडी वर्कशॉप: व्होल्टेज जुळतं, चार्जिंग जुळत नाही. ट्यूब्युलरवर इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजचं चार्जिंग, चालू असताना काही इन्व्हर्टर चार बॅटऱ्यांना मिळून ६२ व्होल्टपर्यंत देतात. तुमच्या १६ सेलना ५८.४ च्या वर जायचं नाही. बीएमएस तोडेल, पण तो शेवटचा बचाव आहे, रोज त्याच्यावर भार टाकू नका. लिथियम सेटिंगचा इन्व्हर्टर हवाच. त्याआधी पॅक पूर्ण चार्ज करा, एकसारखा लोड लावा आणि बंद पडताना एकेक सेल मोजा. हातातली अंगठी, घड्याळ काढून.

निपाणीकर: मलाही असाच पॅक मिळायलाय. पाच एचपीची मोटर चालेल काय ऊसाला?

टिळकवाडी वर्कशॉप: नाही. चालतानाच ८० अँपिअरच्या आसपास ओढेल, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. जुना सेल तिथेच कोसळेल.

जांबोटीकर: मोजलं. ६२ अँपिअर-तास निघाले. बीएमएसने तोडलं तेव्हा पंधरा सेल ३.१ व्होल्टच्या आसपास, नववा मात्र २.५ वर.

टिळकवाडी वर्कशॉप: म्हणजे पॅक नाही, नववा सेल थकलाय. सगळे एका ओळीत असल्यानं तो संपला की पॅक संपतो. आता गळती बघा, म्हणजे नुसता पडून असताना सेल आपोआप किती उतरतो ते. दहा अँपिअर-तास भरा, पॅक सुटा ठेवा, दुसऱ्या दिवशी सेल मोजून लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. अर्ध्या चार्जवर हे करू नका, तिथे या सेलचं व्होल्टेज सपाट असतं, गळती लपते. नववा इतरांपेक्षा जास्त घसरला तर तो घरात नको. स्थिर राहिला तर ६२ अँपिअर-तासांचे जे ३.१ युनिट होतात त्यापैकी सत्तर टक्केच वापरा. ३०० वॅटवर सहा-साडेसहा तास सहज मिळतील.

चिकोडीवाला: नववाच बदलला तर?

टिळकवाडी वर्कशॉप: बदलता येतो, पण त्याच मेकचा, तेवढाच वापरलेला सेल मिळायला हवा. कोरा घातला तर क्षमता बाकीच्यांएवढीच राहील, बॅलन्सिंगचा त्रास मात्र वाढेल. मी दोन्ही पाहिलंय, ठाम सांगणार नाही.

खानापूरची ताई: आणि नाहीच जमलं तर भंगारवाल्याला देऊ नका हो. तो हातोड्यानं फोडतो, आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे पावती मागा.

जांबोटीकर: आठवडा झाला. बाकीचे जागेवर, नववा ३.१८ वरून ३.१५.

टिळकवाडी वर्कशॉप: अजून एक आठवडा थांबा. इन्व्हर्टर तोवर घेऊ नका.