मदत हवी आहे: फोन दीड तास मागे राहतोय

भावानं दुबईहून आणलेला फोन वापरतोय. पहिल्याच दिवशी पहाटे ५ चा गजर साडेसहाला वाजला, सांगली स्टँडवरून सुटणारी गाडी गेली! मग मी घड्याळ हातानं दीड तास पुढे केलं. गजर सुधारला, पण आईनं ७ वाजता पाठवलेला मेसेज साडेपाचचा दिसतो.

आज सेटिंगमध्ये पाहिलं, तर टाइम झोन GMT+04:00, म्हणजे दुबईचाच. आपला +05:30. घोळ तिथंच असणार. आता ऑटोमॅटिक तारीख-वेळ आणि ऑटोमॅटिक टाइम झोन, दोन्ही चालू करू ना? नुसती वेळ ऑटोमॅटिक केली तर पुन्हा दीड तास मागे जाते, करून बघितलंय. रीजनही अमिरातीच आहे. तो बदलल्यानं वेळ बदलते की फक्त तारखेची मांडणी? आणि जुन्या मेसेजच्या वेळा आपोआप सुधारतील का?